परिवलनानंतरची शिळी उंची

इ. स. १९६२ मध्ये गेओर्गी आदेल्सन-वेल्स्की आणि येवगेनी लांदिस या दोन सोव्हिएत गणितज्ञांनी नोंदी साठविण्याची एक नवी रीत प्रसिद्ध केली. त्यांच्या नावांतील आद्याक्षरांवरून त्या रचनेला ‘एव्हीएल वृक्ष’ हे नाव पडले. संगणकातील वृक्ष उलटा असतो. त्याचे मूळ वर असते आणि फांद्या खाली पसरत जातात. वृक्षातील प्रत्येक नोंदीला नोड म्हणतात. प्रत्येक नोडच्या डाव्या बाजूस त्याच्याहून लहान व उजव्या बाजूस त्याच्याहून मोठ्या संख्या ठेवावयाच्या, एवढा एक नियम पाळला की शोध सोपा होतो. कारण प्रत्येक पायरीवर डावीकडे वळावयाचे की उजवीकडे, याचा निर्णय एका तुलनेत होतो.

परंतु नोंदी जर चढत्या क्रमानेच येत गेल्या, तर असा वृक्ष एकाच बाजूस लोंबत जातो आणि दहा लाख नोंदींसाठी दहा लाख पायऱ्या उतरण्याची पाळी येते. म्हणून या दोघा गणितज्ञांनी दुसरा नियम घातला. कोणत्याही नोडच्या डाव्या व उजव्या उपवृक्षांच्या उंचींत एकाहून अधिक फरक असता कामा नये. हा नियम पाळला गेला, तर दहा लाख नोंदींचा वृक्ष २८ पातळ्यांहून अधिक खोल जाऊ शकत नाही.

नियम मोडला गेला की वृक्षाचा तो भाग फिरवून पुन्हा तोलात आणावा लागतो. या क्रियेस ‘परिवलन’ म्हणता येईल. परिवलनाची आकृती बहुतेक पाठ्यपुस्तकांत आढळते आणि दोन-तीन दुवे बदलले की ते पुरे झाले, असा वाचकाचा समज होतो. वस्तुतः दुवे बदलणे हा त्या कामाचा अर्धाच भाग होय. प्रत्येक नोडपाशी त्याची उंची किंवा तोल दर्शविणारा एक आकडा लिहून ठेवलेला असतो. आकार बदलला, पण आकडा जुनाच राहिला, तर तो आकडा शिळा होतो. आणि पुढील सर्व निर्णय आकाराकडे पाहून नव्हे, तर या आकड्याकडे पाहून घेतले जातात. या प्रकरणात विचार करावयाचा आहे तो या शिळ्या आकड्यांचा.

दोन ओळींचा क्रम

प्रथम उंची कशी मोजावयाची ते ठरवून घेऊ. रिकाम्या जागेची उंची ०, ज्याच्या खाली काहीच नाही अशा नोडची उंची १, आणि इतर कोणत्याही नोडची उंची म्हणजे त्याच्या दोन उपवृक्षांपैकी जो अधिक उंच असेल त्याच्या उंचीत १ मिळवून येणारी संख्या. आज्ञावलीत हे काम करणाऱ्या छोट्या भागाला `fix` असे नाव देऊ. `fix` संपूर्ण उपवृक्ष पाहत नाही. तो केवळ खालच्या दोन नोडांवर लिहिलेले आकडे वाचतो आणि त्यांवरून वरचा आकडा ठरवितो, ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

डावी बाजू जड झाली असता उजवीकडे परिवलन करावे लागते. तोल गेलेला नोड `y` आणि त्याचा डावा अपत्य-नोड `x` असे मानले, तर योग्य आज्ञावली अशी होईल:

```c
struct node *rotate_right(struct node *y)
{
    struct node *x = y->left;
    y->left  = x->right;
    x->right = y;
    fix(y);
    fix(x);
    return x;
}
```

दुवे बदलल्यानंतर `x` वर गेला आहे आणि `y` त्याच्या खाली आला आहे. `x` ची उंची काढण्यासाठी `y` ची नवी उंची लागते. म्हणून आधी खालच्याचा आकडा दुरुस्त करावयाचा, मग वरच्याचा. शेवटच्या दोन `fix` ओळींचा क्रम उलटला, तर `x` आपली उंची काढताना `y` वरील परिवलनापूर्वीचा आकडा वाचील. असे घडल्यास संगणक कोणतीही तक्रार करीत नाही. आज्ञावली चालू राहते, शोधही अचूक होतो आणि नोंदी क्रमाने छापल्या तर त्या क्रमानेच येतात.

सहा संख्यांचे उदाहरण

या उलट्या क्रमाचा परिणाम एका उदाहरणात पाहू. रिकाम्या वृक्षात ५०, ३०, ७०, २०, ८० या संख्या याच क्रमाने घातल्या, तर एकदाही परिवलन करावे लागत नाही. वृक्ष असा दिसतो:

```
        50
      /    \
    30      70
   /          \
 20            80
```

येथे २० व ८० यांची उंची १, ३० व ७० यांची २ आणि ५० ची ३ आहे. सर्व आकडे बरोबर आहेत. आता १० ही संख्या घालू. ती २० च्या डावीकडे जाते. त्यानंतर आज्ञावली आली त्याच वाटेने वर परतते आणि वाटेतील प्रत्येक नोडची उंची नव्याने काढते. २० ची उंची २ होते, ३० ची ३ होते. ३० च्या डावीकडे उंची २ आणि उजवीकडे ० आहे. फरक दोनाचा झाला, म्हणून ३० पाशी परिवलन होते. २० वर येतो. त्याच्या डावीकडे १० आणि उजवीकडे ३० राहतो.

आकडे योग्य क्रमाने दुरुस्त केले, तर ३० ची उंची १ आणि मग २० ची उंची २ लिहिली जाते. ५० पाशी पोहोचल्यावर डावीकडे २ व उजवीकडे २ अशी स्थिती दिसते. तोल ठीक आहे आणि काम संपते.

आता क्रम उलटा आहे असे समजा. आधी २० ची उंची काढली जाते. तिच्या डावीकडील १० ची उंची १ आहे; उजवीकडील ३० वर मात्र अद्याप ३ हा शिळा आकडा आहे. म्हणून २० ची उंची ४ लिहिली जाते. त्यानंतर ३० वर १ लिहिला जातो खरा, पण २० वरील ४ तसाच राहतो. वरच्या ५० ला हाच आकडा दिसतो. डावीकडे ४, उजवीकडे २, म्हणजे फरक दोनाचा! त्याची स्वतःची उंची ५ अशी लिहिली जाते आणि जेथे परिवलनाची गरजच नव्हती, तेथे आणखी एक परिवलन होते:

```
     20
    /  \
  10    50
       /  \
     30    70
             \
              80
```

आकृतीकडे पाहताच दिसून येईल की मुळाच्या डाव्या बाजूची उंची १ आणि उजव्या बाजूची ३ आहे. दुसरे परिवलन होण्यापूर्वी वृक्ष पूर्णपणे तोलात होता. तोल सांभाळण्यासाठी म्हणून केलेल्या क्रियेनेच तो घालविला. शिवाय या दुसऱ्या परिवलनातही तीच चूक पुन्हा घडते. २० आपली उंची काढताना ५० वरील शिळा ५ वाचतो आणि स्वतःवर ६ लिहून घेतो. खरी उंची ४ आहे.

या चुकीचा आणखी एक विशेष असा की ती आपला माग पुसून टाकते. यानंतर ५ ही संख्या घातली असे समजा. ती १० च्या डावीकडे जाते, १० ची उंची २ होते आणि परतीच्या वाटेवर २० ची उंची पुन्हा काढली जाते. डावीकडे २, उजवीकडे ३, उंची ४. वृक्ष तोलात आहे आणि त्यातील प्रत्येक आकडाही बरोबर आहे. आधी काय घडले, याचा कोणताच पुरावा उरलेला नाही. सर्व नोंदी घालून झाल्यावर एकदाच वृक्ष तपासणारा मनुष्य येथे हमखास फसेल.

जी चूक घालताना दिसत नाही

याच दोन ओळींबाबत दुसरीही एक चूक संभवते. लिहिणारा `fix(y)` लिहितो, पण `fix(x)` विसरतो. आश्चर्य असे की नोंद घालताना होणाऱ्या साध्या परिवलनात या चुकीने काहीच बिघडत नाही. वरील उदाहरणातच पाहा. परिवलनापूर्वी २० ची उंची २ होती आणि परिवलनानंतरही ती २ च आहे. हा योगायोग नव्हे. नव्या नोंदीमुळे `x` ची डावी बाजू उजवीपेक्षा एकाने उंच झालेली असते. परिवलनात `y` खाली येऊन ती उजवी बाजू नेमकी एकाने वाढविते आणि `x` ची उंची होती तेवढीच राहते. आकडा दुरुस्त केला नाही, तरी तो आपोआप खरा ठरतो.

नोंद काढून टाकताना मात्र असे होत नाही. वृक्षाच्या मुळाशी ५०, त्याच्या डावीकडे ३० व उजवीकडे ६०, आणि ३० च्या खाली २० व ४० आहेत असे समजा. त्यातून ६० काढून टाकला. आता ५० च्या डावीकडे उंची २ व उजवीकडे ० उरते आणि परिवलन करावे लागते. ३० वर येतो, ५० त्याच्या उजवीकडे खाली जातो आणि ४० हा ५० च्या डावीकडे लागतो. ५० ची उंची आता २ आहे. म्हणून ३० ची उंची ३ असावयास हवी. `fix(x)` विसरली गेली असेल, तर तेथे जुनाच २ राहतो. हा भाग एखाद्या मोठ्या वृक्षाची फांदी असेल, तर वरच्या नोडला ती फांदी एकाने खुजी झाली असे वाटेल. प्रत्यक्षात ती पूर्वीइतकीच उंच आहे.

दोन्ही प्रसंगांतील भेद `x` च्या स्थितीत आहे. नोंद घालताना परिवलनाच्या क्षणी `x` स्वतः एका बाजूस कललेला असतो. नोंद काढताना तो अगदी समतोलही असू शकतो, आणि त्या स्थितीत परिवलनानंतर त्याची उंची एकाने वाढते. म्हणून केवळ नोंदी घालून घेतलेली चाचणी येथे अपुरी पडते. दुहेरी परिवलनात, म्हणजे जेथे नातवंड-नोडला दोन पायऱ्या वर आणावे लागते तेथे, ही चूक नोंद घालतानाही उघड होते. कारण वर येणाऱ्या त्या नोडची उंची खरोखरच एकाने वाढलेली असते.

उंचीऐवजी तोल-अंक

अनेक आज्ञावल्यांत उंची न लिहिता केवळ दोन बाजूंच्या उंचींतील फरक लिहून ठेवतात. डाव्या बाजूच्या उंचीतून उजव्या बाजूची उंची वजा केली की हा फरक मिळतो. त्याला ‘तोल-अंक’ म्हणू. नियम पाळला जात असताना तो −१, ० किंवा +१ एवढाच असू शकतो. तो अत्यंत थोड्या जागेत मावतो, हा त्याचा लाभ. हानी अशी की तो खालच्या आकड्यांवरून पुन्हा काढता येत नाही. उंची प्रत्येक वेळी नव्याने मोजली जाते. तोल-अंकात मात्र आधीच्या आकड्यातच एक मिळविला किंवा वजा केला जातो. त्यामुळे शिळी उंची जशी पुढील फेरीत बरी होऊ शकते, तसा शिळा तोल-अंक आपण होऊन बरा होत नाही.

दुहेरी परिवलनात हा धोका सर्वांत अधिक असतो. डावीकडे झुकलेला वरचा नोड `y`, त्याचा डावा अपत्य-नोड `x` आणि `x` चा उजवा अपत्य-नोड `z` असे तीन नोड घेऊ. परिवलनानंतर `z` सर्वांत वर जातो, `x` त्याच्या डावीकडे व `y` उजवीकडे बसतो. `z` चे स्वतःचे दोन उपवृक्ष वाटले जातात. डावा `x` कडे आणि उजवा `y` कडे. म्हणून `x` व `y` यांचे नवे तोल-अंक `z` च्या जुन्या तोल-अंकावर अवलंबून असतात. `z` डावीकडे कललेला असेल, तर उणा भाग `y` च्या वाट्याला येतो आणि `y` चा तोल-अंक −१ होतो. तो उजवीकडे कललेला असेल, तर उणा भाग `x` कडे जातो आणि `x` चा तोल-अंक +१ होतो. `z` समतोल असेल, तर दोघांचेही तोल-अंक ० होतात. `z` चा स्वतःचा तोल-अंक शेवटी नेहमीच ० असतो.

```c
int b = z->bf;
x->bf = (b == -1) ?  1 : 0;
y->bf = (b ==  1) ? -1 : 0;
z->bf = 0;
```

येथे पहिली ओळ महत्त्वाची आहे. `z` चा जुना आकडा बाजूला काढून ठेवल्यावाचून त्यावर ० लिहिला, तर पुढील दोन्ही तपासण्यांना ० च दिसेल. मागील चुकीत शिळा आकडा वाचला गेला होता; येथे हवा असलेला जुना आकडा वाचण्यापूर्वीच पुसला जातो.

५०, २०, ६०, १०, ३० या संख्या घालून नंतर ४० घातली असता नेमका हाच प्रसंग येतो. ४० ही ३० च्या उजवीकडे जाते. ३० चा तोल-अंक −१ आणि २० चाही −१ होतो, आणि ५० चा तोल जातो. दुहेरी परिवलनानंतर ३० वर येतो. त्याच्या डावीकडे २० असून २० ला केवळ १० हा डावा नोड आहे. उजवीकडे ५० असून त्याला ४० व ६० असे दोन्ही नोड आहेत. २० चा खरा तोल-अंक +१ आहे. ३० वरील −१ आधीच पुसला गेला असेल, तर २० वर ० लिहिला जातो.

आता ५ घाला. ती १० च्या डावीकडे जाते आणि १० चा तोल-अंक +१ होतो. २० चा तोल-अंक, नोंदीप्रमाणे, ० वरून +१ होतो. आज्ञावलीच्या मते सारे नियमात आहे आणि ती परिवलन करीत नाही. वास्तविक २० च्या डावीकडे दोन पातळ्या आहेत आणि उजवीकडे काहीच नाही. खरा तोल-अंक +२ आहे. उंचीच्या उदाहरणात शिळ्या आकड्यामुळे अनावश्यक परिवलन झाले. येथे आवश्यक असलेले परिवलन झाले नाही. एकाचा हा फरक २० वरून तसाच पुढे चालत राहतो.

नोंद काढताना होणाऱ्या साध्या परिवलनातही तोल-अंकाबाबत एक अपवाद लक्षात ठेवावा लागतो. नोंद घालताना साध्या परिवलनानंतर `x` व `y` दोघांवरही ० लिहिणे योग्य असते. परंतु नोंद काढताना `x` समतोल असेल, तर परिवलनानंतर `y` चा तोल-अंक +१ आणि `x` चा −१ होतो. वर पाहिलेल्या ६० काढण्याच्या उदाहरणात ५० व ३० यांचे तोल-अंक असेच येतात. त्या फांदीची एकूण उंची मात्र बदलत नाही. म्हणून वरच्या नोडांचे तोल-अंक न बदलता काम तेथेच थांबवावयाचे असते. परिवलन झाले म्हणजे फांदी खुजी झालीच, असे धरून वर जाणारी आज्ञावली एका चुकीने अनेक नोडांचे आकडे बिघडविते.

खरे-खोटे कसे ओळखावे

अशा चुका ओळखण्यासाठी नोंदी क्रमाने येतात की नाही, हे पाहून उपयोग नाही. परिवलनाने क्रम बिघडत नाही. वरील सर्व सदोष वृक्षांतही नोंदी क्रमानेच होत्या. `fix` ने पुन्हा उंची काढून ताडून पाहणेही पुरेसे नाही, कारण `fix` खालचे लिहिलेले आकडे खरे मानतो. तपासणी करणाऱ्या भागाने कोणत्याही लिहिलेल्या आकड्यावर विसंबता कामा नये. त्याने तळापासून उंची स्वतः मोजीत वर यावे आणि प्रत्येक नोडवरील आकडा तिच्याशी ताडून पाहावा:

```c
int check(struct node *n)
{
    if (n == NULL) return 0;
    int l = check(n->left);
    int r = check(n->right);
    int t = 1 + (l > r ? l : r);
    assert(n->height == t);
    assert(l - r >= -1 && l - r <= 1);
    return t;
}
```

तोल-अंक वापरला असेल, तर पहिल्या `assert` मध्ये `n->bf == l - r` असे लिहावे. दोन्ही `assert` आवश्यक आहेत. पहिली ओळ शिळा आकडा पकडते, दुसरी बिघडलेला आकार.

ही तपासणी संपूर्ण वृक्षभर फिरत असल्यामुळे नित्याच्या कामात ती ठेवता येणार नाही. चाचणीच्या वेळी मात्र ती प्रत्येक नोंद घातल्यावर आणि प्रत्येक नोंद काढल्यावर चालवावी. शेवटी एकदाच नव्हे. ५ ही संख्या घातल्याबरोबर आधीची चूक कशी झाकली गेली, ते आपण पाहिलेच आहे. त्यासाठी प्रचंड वृक्षही लागत नाही. १ ते ७ या संख्या ५,०४० वेगवेगळ्या क्रमांनी घालता येतात. ते सर्व क्रम घेऊन, प्रत्येक पूर्ण वृक्षातून एकेक संख्या काढून पाहणे हे संगणकाला क्षणभराचे काम आहे. येथे वर्णिलेल्या उंचीच्या आणि तोल-अंकाच्या बहुतेक चुका एवढ्या लहान वृक्षांतही सापडतात.

तपासणी अडली, म्हणजे कोणत्या नोडवर कोणता आकडा आहे आणि कोणता असावयास हवा, हे लिहून काढावे. त्यावरूनच कारणाचा पुष्कळसा बोध होतो. वर आलेल्या नोडची लिहिलेली उंची खऱ्या उंचीहून अधिक असेल, तर दोन `fix` ओळींचा क्रम पाहावा. ती एकाने कमी असून दोष नोंद काढताना किंवा दुहेरी परिवलनातच दिसत असेल, तर `fix(x)` राहून गेली आहे का, ते पाहावे. आणि दुहेरी परिवलनानंतर खालच्या दोन नोडांपैकी एकाचा तोल-अंक ० असून तो +१ किंवा −१ असावयास हवा होता असे दिसले, तर `z` चा जुना आकडा वाचण्यापूर्वी पुसला गेला आहे का, ते पाहावे.